फोटो मे महिन्याचा, तारीख जूनची: चुकीचा रकाना वाचून भांडू नका

या वेळच्या व्हिडिओत मी स्क्रीनवर सगळं दाखवलंय, पण तिथे वेळ कमी पडला. आणि खरं सांगायचं तर मला या विषयावर थोडं स्पष्ट बोलायचं होतं, ते इथे लिहितो.

आपल्याकडे कामाचे फोटो काढायची सवय आता सगळ्यांना लागली आहे. फॅब्रिकेशनवाला, प्लंबर, रंगारी, मंडपवाला, सगळे काढतात. चांगलं आहे. पण वाद झाला, फोटो दाखवायची वेळ आली की दहातले आठ जण लॅपटॉपवर फोल्डर उघडतात आणि पहिल्यांदा जी तारीख दिसेल ती वाचतात. ती तारीख बहुतेक वेळा फोटोची नसतेच. माझं म्हणणं असं आहे की या एका चुकीमुळे प्रामाणिक माणूस खोटा ठरतो. आणि ती चूक कॉम्प्युटरची नाही, वाचणाऱ्याची आहे.

चिंचपाड्याची गोष्ट

चिंचपाड्याला आमचा दोन दिवसांचा वर्ग होता. तिथे एक फॅब्रिकेशनवाले भाऊ आले होते. वर्ग संपल्यावर थांबले आणि म्हणाले, "सर, मी खोटा नाही, पण लॅपटॉप मला खोटं पाडतोय."

प्रकरण असं होतं. त्यांनी नवापूरच्या बाजूला एका शेठचा कोंबड्यांचा शेड उभा केला होता. कैच्या, पर्लिन, वर पत्रे, सगळं काम 28 मे ला पूर्ण. 5 जूनच्या संध्याकाळी वादळी वारा आला आणि एका टोकाचे पत्रे उडाले. शेठकडे 38,000 रुपये बाकी होते, ते त्यांनी अडवले. शेठचं म्हणणं, "तुम्ही जे-हूक कमीच मारले होते. पत्रे उडाल्यावर दुरुस्तीला आलात तेव्हा बाकीचे मारले आणि फोटो काढले." भाऊ म्हणाले, हूक आधीच मारले होते, माझ्याकडे 14 फोटो आहेत. फोटो पेनड्राइव्हवर घालून शेठकडे गेले. शेठच्या मुलाने लॅपटॉपला पेनड्राइव्ह लावला, फोल्डर उघडला आणि म्हणाला, "पप्पा, हे बघा. सगळ्या फोटोंवर 11 जून आहे."

झालं. 5 जूनचं वादळ आणि 11 जूनचे फोटो. भाऊंकडे उत्तर नव्हतं. त्यांना स्वतःलाच कळेना की मे महिन्यात काढलेल्या फोटोवर जून कुठून आला.

तुम्ही त्यांच्या जागी असता तर काय केलं असतं? आधी हे समजून घेऊ, मग त्या 14 फोटोंकडे परत येऊ.

पुड्यावरची तारीख आणि वहीतली तारीख

दुकानदारांना हे पटकन कळेल. बिस्किटाच्या पुड्यावर कारखान्यात उत्पादनाची तारीख छापलेली असते. तो पुडा होलसेलवाल्याकडे आला की तो आपल्या वहीत लिहितो, माल अमुक तारखेला आला. तिथून तुमच्या दुकानात आला की तुम्ही तुमच्या वहीत लिहिता, आज आला. वह्या बदलल्या, तारखा बदलल्या. पुड्यावरची छपाई मात्र तीच राहिली. ग्राहकाने तुमची वही बघून "हा माल आजच बनला" असं म्हटलं तर तुम्ही हसाल.

फोटोचंही असंच असतं. मोबाईलने फोटो काढला की चित्राबरोबर त्याच फाईलच्या आत एक छोटी नोंद लिहिली जाते. तिला एक्झिफ म्हणतात. फोन कोणता, उजेड किती, लोकेशन चालू असेल तर ठिकाण, आणि बटण दाबलं ती तारीख-वेळ. ही पुड्यावरची छपाई. विंडोजमध्ये ती `Date taken` या नावाने दिसते. फाईल कुठेही न्या, ती फाईलच्या पोटातच असल्यामुळे बरोबर जाते.

दुसरी तारीख म्हणजे `Date modified`. ही फोटोच्या आत नसतेच. ज्या डिस्कवर, पेनड्राइव्हवर किंवा कार्डवर फाईल ठेवली आहे, त्या डिस्कच्या वहीत ती लिहिलेली असते. या फाईलमध्ये शेवटचं लिखाण कधी झालं एवढंच तिला सांगायचं असतं. फाईल फोटोची आहे, बिलाची आहे की गाण्याची, याच्याशी तिला देणंघेणं नाही. नवीन डिस्कवर फाईल आली की नव्या वहीत नवीन ओळ लिहावी लागते. तिथे जुनी तारीख उतरवायची की आजची टाकायची, हे माल आणणारा प्रोग्रॅम ठरवतो.

म्हणून एकाच फोटोवर प्रत्येक ठिकाणी वेगळी तारीख दिसते. कोण काय करतो ते बघा:

- विंडोजमध्ये एका फोल्डरमधून दुसरीकडे किंवा पेनड्राइव्हवर कॉपी केलं, तर `Date modified` जुनीच राहते, पण `Date created` आजची होते. म्हणजे फाईल "आज जन्मली आणि मागच्या महिन्यात बदलली" असं उलटं चित्र दिसतं. घाबरू नका, त्याचा अर्थ एवढाच की ही कॉपी आहे.
- केबलने फोनमधून लॅपटॉपवर घेतलं तर बहुधा जुनी तारीख टिकते. उलट, लॅपटॉपवरून अँड्रॉइड फोनमध्ये टाकलं तर बऱ्याच फोनवर टाकल्याची तारीख लागते.
- ड्राइव्हवरून किंवा ईमेलमधून एकेक फोटो डाउनलोड केला, तर ब्राउझर नवीन फाईल लिहितो. मग `Date modified` ही डाउनलोडची तारीख असते.
- फोटो फिरवला, कापला, उजळ केला आणि सेव्ह केला, तर त्या क्षणाची तारीख लागते. इथे ती बरोबरच आहे, कारण फाईल खरंच बदलली.

आता ते 14 फोटो

भाऊंना मी विचारलं, फोटो फोनमधून पेनड्राइव्हवर कसे आले ते एकेक पायरी सांगा. ते म्हणाले, जुन्या फोनची स्क्रीन गेली होती, म्हणून त्यातले फोटो आधीच गुगल ड्राइव्हवर टाकले होते. 11 जूनला लॅपटॉपवर ड्राइव्ह उघडून ते एकेक करून डाउनलोड केले. तीन फोटो हेल्परच्या मोबाईलमधले होते, ते त्याने व्हॉट्सअॅपवर पाठवले होते, तेही त्याच दिवशी लॅपटॉपवर घेतले. 12 जूनला सगळे पेनड्राइव्हवर घातले.

म्हणजे 11 जून कुठून आला ते सापडलं. ती डाउनलोडची तारीख. शेठच्या मुलाने खोटं सांगितलं नव्हतं, त्याने फक्त वही वाचली होती, पुडा वाचला नव्हता.

मग आम्ही पुडा वाचला. फोटोवर राइट क्लिक, `Properties`, वर `Details` नावाचा टॅब, खाली `Origin` च्या भागात `Date taken`. पहिला फोटो: 28 मे, संध्याकाळचे पाच वाजून चार मिनिटं. एकेक उघडत बसायचं नसेल तर फोल्डरमध्ये `Details` व्ह्यू लावा, वरच्या रकान्यांच्या नावावर राइट क्लिक करा आणि `Date taken` निवडा. सगळ्या फोटोंची तारीख एका नजरेत दिसते. भाऊंचे 11 फोटो 27 आणि 28 मे चे निघाले. त्यांच्या चेहऱ्यावरचा ताण तिथेच उतरला.

पण त्या 11 मध्ये एका फोटोची `Date modified` 12 जून होती. तो आडवा होता, म्हणून भाऊंनी पेनड्राइव्हवर घालण्याआधी लॅपटॉपवर सरळ केला होता. `Date taken` त्याचीही 28 मे च होती. तरी मी त्यांना सांगितलं, हा फोटो दाखवू नका, ड्राइव्हवरचा मूळ आडवाच दाखवा. मान वाकडी करून बघेल समोरचा, चालेल. पण "तुम्ही याला हात लावला होता का?" या प्रश्नाला "नाही" म्हणता आलं पाहिजे.

कॉपी केल्याने फोटो बदलत नाही हे शेठला पटवायचं कसं? त्यासाठी फाईलचा हॅश काढतात. हॅश म्हणजे फाईलच्या आतल्या सगळ्या मजकुरावरून निघणारा 64 अक्षरांचा ठसा. आत एक ठिपका जरी बदलला तरी पूर्ण ठसा बदलतो. विंडोजमध्ये वेगळं काही टाकायला लागत नाही. फोटो ज्या फोल्डरमध्ये आहे तिथे कमांड प्रॉम्प्ट उघडा आणि लिहा:

```
certutil -hashfile IMG_20240528_170412.jpg SHA256
```

ड्राइव्हवरून पुन्हा डाउनलोड केलेली फाईल आणि पेनड्राइव्हवरची फाईल, दोन्हींचा ठसा अक्षर न् अक्षर सारखा आला. `Date created` दोन्हींची वेगळी, `Date modified` वेगळी, पण माल एकच. कारण त्या तारखा फाईलच्या आत नाहीत, त्या ठशात मोजल्याच जात नाहीत. सरळ केलेल्या फोटोचा ठसा मात्र मूळ फोटोपेक्षा वेगळा आला. हे दोन्ही शेजारी ठेवून दाखवलं की कोणालाही कळतं.

व्हॉट्सअॅपवाले तीन फोटो

हेल्परच्या तीन फोटोंवर `Date taken` चा रकाना कोरा होता. काहीच नाही. व्हॉट्सअॅपवर फोटो "फोटो" म्हणून पाठवला की ते त्याला लहान करून नव्याने बांधतं आणि आतली एक्झिफची नोंद काढून टाकतं. आपल्या भाषेत, पुडा फोडून बिस्किटं साध्या पिशवीत भरली. बिस्किटं तीच, पण छापलेली तारीख कचऱ्यात गेली. एचडी पाठवा नाहीतर साधा पाठवा, यात फरक पडत नाही. कोणाच्या घरातला जुन्या लग्नाचा फोटो नव्या फोनच्या गॅलरीत "आज" खाली का दिसतो, त्याचंही बहुतेक वेळा हेच कारण असतं. आत तारीख नाही, म्हणून गॅलरी बाहेरची वापरते.

तरी ते तीन फोटो वाया गेले नाहीत. एकाचं नाव होतं `IMG-20240602-WA0011.jpg`. व्हॉट्सअॅप फाईलला नाव देताना त्यात तारीख घालतं, ती फोटो पाठवल्याची किंवा आल्याची तारीख. काढल्याची नाही. म्हणजे हा फोटो 2 जूनला पाठवला गेला. मग तो 2 जूनला किंवा त्याच्या आधी काढलेला असणार, नंतर काढलेला असूच शकत नाही. वादळ 5 जूनचं. वाद फक्त वादळाआधी की नंतर एवढाच होता, आणि त्याचं उत्तर या नावात होतं.

शेठ म्हणू शकले असते की नाव कोणीही बदलेल. बरोबर आहे. म्हणून मी भाऊंना विचारलं, हेल्परने फोटो कुठे पाठवला होता? ते म्हणाले, कामाच्या ग्रुपवर. ग्रुपमध्ये कोण आहे? "मी, दोन पोरं, आणि शेठ स्वतः."

बघा मंडळी. ज्या पुराव्यासाठी एवढी धावपळ चालली होती तो शेठच्याच खिशात होता. त्यांच्या फोनमध्ये, त्यांच्या ग्रुपमध्ये, 2 जून तारखेखाली. तिथे भाऊंना हात लावता येत नव्हता, म्हणूनच तो सगळ्यात भक्कम. भाऊ दुसऱ्या दिवशी गेले, शेठना त्यांचाच ग्रुप वर सरकवायला सांगितला. फोटोत हूक दिसत होते. पत्रे तरीही का उडाले हा वेगळा विषय, त्यात भाऊंनी नवीन पत्र्यांचे 8,000 रुपये सोडले. बाकीचे 30,000 दोन हप्त्यांत मिळाले.

माझं मत

पहिली गोष्ट. `Date modified` बघून कोणावर खोटेपणाचा आरोप करू नका. या रकान्याच्या नावामुळे घोटाळा होतो. "मॉडिफाइड" वाचलं की माणसाला वाटतं, फोटोत काहीतरी फेरफार केला. प्रत्यक्षात बहुतेक वेळा फक्त डाउनलोड झालेलं असतं. तुम्ही पैसे देणारे असाल किंवा घेणारे, आधी `Date taken` बघा. माझ्या लॅपटॉपवर फोटोंच्या फोल्डरमधून मी हा रकाना काढूनच टाकला आहे. तुम्हीही काढा.

दुसरी गोष्ट जरा कडू आहे. `Date taken` म्हणजे ब्रह्मवाक्य नाही. विंडोजमध्ये त्याच `Details` टॅबवर त्या तारखेवर क्लिक करून ती बदलता येते, दोन मिनिटांचं काम. फोनचं घड्याळ चुकीचं असेल तर पहिल्यापासूनच चुकीची तारीख छापली जाते, म्हणून सेटिंगमध्ये तारीख-वेळ "ऑटोमॅटिक" ठेवा. फोटोवर तारीख आणि ठिकाण छापणारी कॅमेरा अॅप आज अनेक जण वापरतात. त्यांचा फायदा असा की चित्रावरच छापलेली अक्षरं व्हॉट्सअॅपमधूनही टिकतात. पण चित्रावर अक्षरं तर कोणीही लिहू शकतो. म्हणून असा फोटो काढलात तर साध्या कॅमेऱ्यानेही एक काढा.

तुमच्यापैकी ज्यांची शेती आहे त्यांनी ई-पीक पाहणी केली असेल. 15 ऑगस्ट 2021 पासून राज्यभर सुरू झाली. त्यात पिकाचा फोटो शेतात उभं राहून अॅपमधूनच काढायला लावतात. त्रासदायक वाटतं, पण त्यामागे हेच गणित आहे. हातोहात फिरलेल्या फाईलच्या तारखेवर अवलंबून राहायचं नसेल तर फोटो काढणं आणि नोंदवणं एकाच वेळी झालं पाहिजे. आपल्या धंद्यात तसं अॅप नाही, पण तीच युक्ती आपल्याला करता येते.

तिसरी गोष्ट, ज्यावर काही जण माझ्याशी सहमत नसतील. बाजारात आणि यूट्यूबवर "सगळ्या फोटोंची तारीख एका क्लिकमध्ये दुरुस्त करा" असे प्रकार दाखवतात. फिल हार्वे यांचं एक्झिफटूल नावाचं मोफत सॉफ्टवेअर आहे, चांगलं आहे, मीही वापरतो. ते आतली तारीख वाचून बाहेरच्या रकान्यात उतरवू शकतं. घरच्या लग्नाचे, सहलीचे फोटो क्रमाने लावायचे असतील तर खुशाल करा. पण कामाच्या, पैशाच्या फोटोंवर करू नका. आज तुम्ही चांगल्या हेतूने तारीख "दुरुस्त" केली, उद्या समोरचा विचारेल, "म्हणजे तुम्हाला तारखा बदलता येतात तर?" वाचायला मात्र ते वापरा, वाचल्याने काही बिघडत नाही:

```
exiftool -DateTimeOriginal -FileModifyDate IMG_20240528_170412.jpg
```

पहिल्या ओळीत काढल्याची तारीख येते, दुसऱ्या ओळीत वहीतली. दोन्ही शेजारी दिसल्या की अर्धा वाद तिथेच मिटतो.

मग करायचं काय

मी भाऊंना तीन सवयी सांगितल्या, तेवढ्याच तुम्हाला सांगतो.

एक, काम ज्या दिवशी झालं त्याच दिवशी फोटो ग्राहकाला पाठवा, सोबत एक ओळ लिहा: "आज पर्लिनवर सगळे हूक मारून झाले." समोरच्याच्या फोनमध्ये त्या दिवशीची नोंद पडते. हा सगळ्यात स्वस्त आणि सगळ्यात मजबूत उपाय आहे.

दोन, हेल्परकडून फोटो घेताना त्याला सांगा, व्हॉट्सअॅपवर गॅलरीच्या नाही तर "डॉक्युमेंट" च्या बटणाने पाठव. तसं पाठवलं की फाईल जशीच्या तशी येते, आतली तारीख शाबूत राहते. पुडा न फोडता येतो म्हणा ना.

तीन, मूळ फोटोंचा एक फोल्डर वेगळा ठेवा आणि त्याला हात लावू नका. कापायचं, फिरवायचं, फेसबुकवर टाकायचं, ते कॉपीवर करा. फाईलला नाव द्यायचं असेल तर `2024-05-28_शेड_हूक` असं तारखेने सुरू होणारं द्या. नाव बदलल्याने आतली तारीखही बदलत नाही आणि ठसाही बदलत नाही.

रक्कम मोठी असेल आणि प्रकरण कोर्टात जाण्यासारखं असेल, तर मूळ फोन विकू नका, त्यातले फोटो डिलीट करू नका. 1 जुलै 2024 पासून लागू झालेल्या भारतीय साक्ष अधिनियमात, कलम 63 खाली, इलेक्ट्रॉनिक पुराव्यासोबत प्रमाणपत्र द्यावं लागतं आणि त्याच्या नमुन्यात हॅशसाठी जागा आहे. वर जो 64 अक्षरांचा ठसा काढला तोच. बाकी वकिलांना विचारा, तो माझा विषय नाही.

आज एवढंच करा. तुमच्या शेवटच्या कामाचा फोल्डर उघडा, `Date taken` चा रकाना लावा आणि किती फोटोंसमोर तो कोरा दिसतो ते मोजा. जे कोरे आहेत त्यांचे मूळ फोटो ज्याच्या फोनमध्ये असतील, त्याच्याकडून आजच डॉक्युमेंट म्हणून मागवा. त्याने फोन बदलला की मग ते मिळणार नाहीत.

भेटू पुढच्या व्हिडिओत.